गुण आधी, चर्चा नंतर



हे संमेलन वाकोल्यात भरतंय, याला एक औचित्य आहे. विद्यापीठाचं विद्यानगरी संकुल इथून हाकेच्या अंतरावर. उपनगरातल्या महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाची जागा भरायची झाली की कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि विषयतज्ज्ञ यांच्यासाठी सगळ्यांच्या नजरा तिकडेच लागतात. आज मी निवड समितीबद्दल सगळं काही बोलणार नाही. समितीच्या टेबलावर जो एक कागद असतो, बहुतेक वेळा शेवटी भरला जातो आणि सगळ्यांच्या सह्या घेऊन पाकिटात जातो, त्या गुणतक्त्याबद्दलच बोलणार आहे.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. उमेदवाराच्या पदव्या, नेट, पीएच.डी., शोधनिबंध यांचे गुण धरायचे ते मुलाखतीला कोणाला बोलवायचं हे ठरवण्यापुरते. निवड मात्र मुलाखतीतल्या कामगिरीवर. पुढे या वजनाबद्दल आपल्या राज्यात बराच खल झाला आहे, आणि तो योग्यच आहे. पण वजन काहीही ठेवा, दुसरी गोष्ट टळत नाही: समितीचं कामकाज बैठकीच्या शेवटच्या दिवशीच पूर्ण करायचं आणि इतिवृत्ताला गुणांचं प्रपत्र जोडून सर्व सदस्यांनी सही करायची. म्हणजे हा कागद कायद्यानेच मागितलेला आहे. त्यात काय असावं, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्यावर सोडलं आहे.

आणि आपण काय करतो? 'विषयज्ञान', 'अभिव्यक्ती', 'व्यक्तिमत्त्व' असे तीन रकाने आखतो. शेवटचा उमेदवार बाहेर गेला की चहा येतो, अध्यक्ष विचारतात, "मग, कोणाचं करायचं?" नाव ठरतं आणि त्या नावाला शोभतील असे गुण मागाहून भरले जातात. हे ओळखायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही. सगळ्या सदस्यांच्या पत्रकांवर क्रम तंतोतंत सारखा, पहिल्या आणि दुसऱ्यात सगळीकडे तेवढंच अंतर, आणि शेरा लिहायच्या जागी 'चांगला', 'बरा', 'चांगला'. असे कागद न्यायालयात गेले की संस्थेची बाजू मांडणाऱ्या वकिलाकडे सांगण्यासारखं काही उरत नाही.

न्यायालय नेमकं काय पाहतं, याबद्दल आपल्यात उगाच धास्ती आहे. दलपत आबासाहेब सोळुंके विरुद्ध डॉ. बी. एस. महाजन हा महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेला आणि १९९० च्या निकालसंग्रहात छापलेला निकाल वाचावा. निवड समितीच्या निर्णयावर अपील ऐकणं, कोण अधिक लायक हे तपासणं हे आमचं काम नाही, असं न्यायालयाने त्यात सांगितलं. समितीची रचना बेकायदा असेल, कार्यपद्धतीत निवडीलाच बाधा येईल असा दोष असेल किंवा दुष्ट हेतू सिद्ध झाला असेल, तरच हस्तक्षेप. तेव्हा 'क' ऐवजी 'ख' का, याची शहानिशा कोर्ट सहसा करणार नाही. दोघांना एकाच मापाने मोजलं का, हा प्रश्न मात्र ते विचारू शकतं. आणि ते माप आधी ठरलं होतं का? के. मंजुश्री प्रकरणात २००८ साली, मुलाखतीत किमान गुणांची अट प्रक्रिया सुरू झाल्यावर घातली म्हणून यादी अडचणीत आली. भरती सुरू झाल्यावर, नियमांनी मुभा दिली नसेल तर, निकष बदलता येत नाहीत, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तेज प्रकाश पाठक प्रकरणात पुन्हा ठरवलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. तक्त्यातला आकडा महत्त्वाचा नाही. त्या आकड्याखाली कोणतं वाक्य छापलंय ते महत्त्वाचं. 'पाचपैकी तीन' म्हणजे उमेदवाराने काय केलं, हे पहिला उमेदवार दार लोटण्याआधी लिहिलेलं असलं पाहिजे.

अर्थशास्त्राची जागा घेऊ. प्रत्येकाला दहा मिनिटांचा पाठ द्यायला सांगा: प्रथम वर्षाच्या वर्गाला मागणीची लवचिकता. पाठ संपल्यावर एक सदस्य विद्यार्थी होऊन शंका विचारतो, आणि ती सर्वांना तीच, त्याच शब्दांत: "सर, म्हणजे मागणीच्या रेषेचा उतारच ना?" हा गोंधळ वर्गात खरोखर होतो. आता 'वर्गात समजावणं' या रकान्याखाली तीन पायऱ्या छापा. उमेदवार "हो, साधारण तसंच" म्हणतो किंवा शंका टाळून पुढे जातो, त्याला १. दोन्ही वेगळे आहेत असं सांगतो, सूत्र बरोबर मांडतो, पण फरक दाखवू शकत नाही, त्याला ३. फळ्यावर एक सरळ रेषा काढतो, उतार सगळीकडे तोच असूनही वरच्या टोकाकडे लवचिकता जास्त आणि खालच्या टोकाकडे कमी कशी होते हे एखाद्या ओळखीच्या किमतीवरून दाखवतो आणि विचारणाऱ्याला कळलं का याची खात्री करून घेतो, त्याला ५. दोन आणि चार मधल्यांसाठी मोकळे ठेवा. एवढं लिहिलं की विषयतज्ज्ञ आणि संस्थेचे अध्यक्ष, जे कदाचित अर्थशास्त्राचे नाहीत, दोघेही एकाच घटनेकडे बघू लागतात.

ही वाक्यं लिहायची कोणी? १९६३ साली पॅट्रिशिया स्मिथ आणि लॉर्न केंडल या मानसशास्त्रज्ञांनी परिचारिकांच्या मूल्यमापनासाठी एक रीत बसवली. चांगलं काम आणि वाईट काम यांचे प्रसंग त्यांनी वॉर्डात काम करणाऱ्यांकडूनच, त्यांच्याच शब्दांत घेतले. मग ते प्रसंग दुसऱ्या गटाला दिले आणि विचारलं, हा प्रसंग कोणत्या गुणाचा? ज्या प्रसंगाबद्दल लोकांचं एकमत झालं नाही तो काढून टाकला. आपल्याला एवढा खटाटोप जमत नसेल, पण विभागातल्या चार शिक्षकांनी एका दुपारी वीस प्रसंग लिहिणं आणि शेजारच्या विभागाने ते परत रकान्यांत टाकून बघणं सहज जमतं. जे वाक्य दोन रकान्यांत पडतं तिथे रकानेच नीट वेगळे झालेले नाहीत.

या चाळणीतून 'व्यक्तिमत्त्व' हा रकाना कधीच टिकत नाही. त्याचा एकही प्रसंग लिहिता येत नाही. आणि तरी त्यातच सगळं शिरतं: इंग्रजीचा हेल, आडनाव, शर्टाची इस्त्री, पत्ता. विरारहून रोज येणार का, लग्न झालंय का, वाकोल्यात चाळीत की सोसायटीत, हे प्रश्न त्या रकान्याचीच पिल्लं. माझा आग्रह चार रकान्यांचा आहे: विषयाची खोली, वर्गात समजावणं, संशोधनाचा आराखडा आणि प्रश्नपत्रिका काढण्याची तयारी. पदवीचे गुण 'विषयज्ञाना'च्या नावाखाली इथे पुन्हा मोजू नका. ते मुलाखतीला बोलावतानाच मोजून झालेत.

आता गुण द्यायची रीत. उमेदवार बाहेर गेला की पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाने आधी काय ऐकलं-पाहिलं ते दोन ओळींत लिहायचं, मग आकडा, शाईने. चर्चा त्यानंतर. अध्यक्ष आधी बोलले की बाकीचे गुण त्यांच्याभोवती गोळा होतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि अध्यक्षांच्या मनात तसं नसतानाही ते होतं.

बेरजेतही एक खोच आहे. समजा तीन सदस्य, प्रत्येकाचे २० गुण. 'क'ला पहिल्या दोघांनी १६ आणि १५ दिले, तिसऱ्याने ६. 'ख'ला पहिल्या दोघांनी १४ आणि १३, तिसऱ्याने १७. बेरीज ३७ आणि ४४. तिघांपैकी दोघांच्या मते 'क' पुढे होता, तरी 'ख' सात गुणांनी जिंकला, कारण तिसरा सदस्य लांब उड्या मारतो. त्याने 'ख'लाच पसंती देऊन १० आणि १३ दिले असते तर 'क' ४१ विरुद्ध ४० असा पुढे राहिला असता. जो सदस्य टोकाचे गुण देतो त्याचं मत, कोणी न ठरवता, दोघांवर भारी पडतं. म्हणून टोकाचे गुण आपोआप वगळायचे, असं मी म्हणणार नाही. कदाचित तिसऱ्यालाच ते दिसलं असेल जे इतरांनी निसटू दिलं. पण एखाद्या रकान्यात दोन सदस्यांत दोन गुणांपेक्षा जास्त फरक पडला, तर दोघांनी आपल्या ओळी वाचून दाखवायच्या. 'उतार म्हणजेच लवचिकता असं उमेदवार म्हणाला' अशी ओळ असेल तर इतरांनी विचार करावा. ओळ कोरी असेल तर ते सहा गुण कशावर उभे आहेत, हे त्या सदस्यालाच सांगावं लागेल. गुण बदलायचा असेल तर जुन्या आकड्यावर एकच रेघ, तो वाचता आला पाहिजे, शेजारी नवा आकडा आणि कारण. पांढरी शाई त्या खोलीत आणूच नका.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि घोडं तिथेच अडतं. दहा मिनिटं पाठ, बारा मिनिटं प्रश्न, पाच मिनिटं लेखन, तीन मिनिटं उमेदवारांच्या ये-जा करण्यात: अर्धा तास झाला. सात तासांत चौदा उमेदवार. एका दिवसात चाळीस बोलावणाऱ्या संस्थेने आपला तक्ता कितीही सुबक छापावा, तो भरला जाणार नाही. अजय हसिया प्रकरणात, १९८१ साली, श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रवेश-मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकल्या होत्या आणि त्यांना एकूण गुणांच्या एक तृतीयांश वजन होतं. न्यायालयाने ते मनमानी ठरवलं. आणि जिथे गर्दीच अफाट, तिथे मुलाखत हे साधनच चुकीचं. १६ जुलै २०२४ ला इथल्या शेजारच्या कलिन्यात विमानतळावरच्या हमालीसारख्या कामांसाठी हजारो तरुण लोटले आणि शेवटी अर्ज ठेवून घरी जा म्हणायची वेळ आली. तिथे वजन उचलण्याची चाचणी हवी, समिती नको.

तक्त्याच्या आवाक्याबाहेरच्याही गोष्टी आहेत. समितीत कोण बसलंय हे तो सुधारू शकत नाही. ए. के. क्राइपाक प्रकरणात, १९६९ साली, एक वन अधिकारी स्वतः उमेदवार असून निवड मंडळावर बसला होता. स्वतःच्या नावाच्या वेळी तो उठून गेला, पण प्रतिस्पर्ध्यांचा विचार होताना हजर होता, आणि निवड रद्द झाली. तेव्हा नातं, मार्गदर्शक-विद्यार्थी संबंध, एकत्र लिहिलेले निबंध यांची घोषणा पहिल्या पानावर सहीनिशी घ्या, उमेदवारांची यादी हाती पडल्या दिवशी. बैठकीच्या सकाळी बदली सदस्य मिळत नाही आणि गणपूर्ती मोडते. प्रत्येक पत्रकावर सदस्याचं नाव न घालता क्रमांक घाला आणि क्रमांकांची यादी वेगळ्या पाकिटात मोहोरबंद ठेवा. माहिती अधिकारात मुलाखत घेणाऱ्यांची नावं उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने बिहार लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात २०१२ साली म्हटलं आहे. पत्रकावरच नाव असलं की ते झाकत बसावं लागतं.

शेवटी एक काम सुचवतो, जे माझ्या माहितीत कोणी नियमाने करत नाही. समिती त्याच दिवशी विसर्जित होते आणि आपण निवडलेला माणूस वर्गात कसा शिकवतो हे तिला कधीच कळत नाही. परिवीक्षा संपताना ती पत्रकं उघडा आणि ज्याला 'वर्गात समजावणं' मध्ये ५ मिळाले होते त्याच्याबद्दल विद्यार्थी आणि सहकारी काय म्हणतात ते शेजारी ठेवा. न निवडलेल्यांचं काय झालं असतं हे यातून कळणार नाही, आणि चार-पाच नेमणुकांवरून निष्कर्ष काढू नये. पण एखाद्या रकान्याचे गुण आणि पुढचं काम यांचा वर्षानुवर्षं काहीच मेळ बसत नसेल, तर पुढच्या जाहिरातीआधी तो रकाना बदलायचा किंवा काढून टाकायचा, आणि तसा ठराव इतिवृत्तात घ्यायचा. नमुना प्रपत्राच्या प्रती दाराशी ठेवल्या आहेत. मागची बाजू कोरी आहे, आपल्या विषयाचे प्रसंग तिथे लिहून दुपारच्या सत्राआधी द्यावेत.