पाण्याची वाटी



  आपल्या तिकीटसंग्राहक क्लबात आज पहिल्यांदाच आलेल्या तुमच्यापैकी काहींनी अल्बम अजून पिशवीबाहेर काढलेला नाही, हे मला इथून दिसतंय. पुढच्या रांगेतल्या आजोबांकडे जाड अल्बम आहे म्हणून बिचकू नका. त्यातली निम्मी पानं रिकामी असतात.

सचिवांनी मला वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यायला सांगितलंय. प्रदर्शन झालं, हिशेब मंजूर झाले, तो झाला आढावा. मला तुमच्याशी पाण्याच्या वाटीबद्दल बोलायचंय.

घरी जाल तेव्हा कुणीतरी सांगेल, पाकिटाचा कोपरा काप, कोमट पाण्यात टाक, तिकीट सुटलं की वर्तमानपत्रावर वाळव. माझ्या मते या वाटीनं आपल्या छंदाचं वाळवीपेक्षा जास्त नुकसान केलंय. सुट्ट्या तिकिटांच्या बाजूचे लोक याच सभागृहात आहेत, त्यांनी चहाच्या वेळी भांडावं. आत्ता माईक माझ्याकडे आहे.

तिकीट पाकिटावरच का ठेवावं, याचं एकच उदाहरण देतो. १९७१ साली पूर्व बंगालमधून निर्वासित आले, तेव्हा सरकारनं १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैसे जादा आकार लावला. पोस्टकार्ड आणि वर्तमानपत्रं तेवढी वगळली. वेगळं तिकीट तयार नव्हतं, म्हणून कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर नाशिकच्या छापखान्यात ‘रिफ्यूजी रिलीफ’ ही अक्षरं छापली. ती सगळ्या पोस्टांत वेळेवर पोचणं शक्य नव्हतं. मग स्थानिक पोस्टमास्तरांना परवानगी मिळाली, आणि कुणी रबरी शिक्का मारला, कुणी लाकडी, कुणी चक्क हातानं लिहिलं. डिसेंबरात निर्वासितांच्या चित्राचं खास तिकीट आलं. आकार ३१ मार्च १९७३ पर्यंत चालला.

आता या स्थानिक शिक्क्याची नक्कल करायला काय लागतं? जुनं साधं तिकीट आणि रबरी शिक्का. आमच्या एका ज्येष्ठ मित्रानं असं सुटं तिकीट मोठ्या कौतुकानं दाखवलं होतं. खरं की खोटं, यावर बैठकीत आवाज चढले. मी काहीच बोललो नाही. पुढच्या बैठकीला मी रद्दीवाल्याकडून आणलेला एका अडत दुकानाचा गठ्ठा घेऊन गेलो. दुकानातली पत्रं तारेत ओवलेली असायची, त्यामुळे प्रत्येक पाकिटाला मधोमध भोक. मित्र म्हणाले, खराब माल आहे. मी त्यातलं एक पाकीट भिंगाखाली ठेवलं.

वीस पैशांचं तिकीट पाकिटाचा नेहमीचा दर भरत होतं, शेजारी शिक्क्याचं पाच पैशांचं. जादा आकारही बरोबर. पोस्टाचा गोल ठसा अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर, आणि दोन्हीकडची रेघ जुळलेली. म्हणजे तिकीट मागाहून चिकटवलेलं नाही. ठशात गावाचं नाव आणि डिसेंबर १९७१ ची तारीख. पाठीमागे पोचल्याचा ठसा, दोन दिवसांनंतरचा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रबरी अक्षरं गोल ठशाच्या खाली होती. खोटं करणारा वापरलेलं तिकीट घेतो, त्यामुळे त्याची शाई ठशावर बसते. दोन शाया पुसट असल्या तर हा क्रम भिंगातूनही नीट कळत नाही, हे मान्य. पण तेव्हा बाकीचे पुरावे हाताशी असतात.

मित्रांच्या तिकिटावर ठशाची जेमतेम एक कमान होती. गाव नाही, तारीख नाही. ते म्हणाले, मी स्वतः पाकिटावरून काढलंय. मग पाकीट कुठाय, असं मी विचारलं. आणि रबरी शिक्क्याची जांभळी शाई बरेचदा पाण्यात विरघळते. अशी किती तिकिटं वाटीत साधी होऊन बाहेर आली असतील, देव जाणे.

आता पाकिटं ठेवायला जागा लागते, हेही ऐकून घ्यावं लागतं. लागते. चपलांच्या खोक्यात मावतात. पीव्हीसीच्या मऊ पिशव्या मात्र वापरू नका, त्यातलं तेलकट द्रव्य कागदात उतरतं. पावसाळ्यात खोकं भिंतीला लावून ठेवू नका, कागदावर तांबूस ठिपके पडतात आणि ते जात नाहीत.

जुन्या पाकिटांची नोंदवही करायचं कार्यकारिणीनं ठरवलंय. कोण लिहिणार, कधीपासून, ते पुढे बघू. नव्यांसाठी एक शिबिरही घ्यायचंय, बहुधा दिवाळीनंतर.

ज्यांच्या पिशवीत घरची पत्रं आहेत, त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाशी यावं. चिमटे तिथे आहेत. चहाचे कप दुसऱ्या टेबलावर.