कोयत्यातली अर्धी वाटेकरीण : ऊसतोड मजूर स्त्रीचा अपघाती मृत्यू आणि भरपाईचा दावा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कऱ्हाड, वाळवा, पलूस या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की बीड, जत, आटपाडीकडच्या टोळ्या फडात उतरतात. मजुरांची मोजणी माणसागणिक होत नाही, कोयत्यागणिक होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवते. उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या नावावर लिहिली जाते. फळीवरून पडून किंवा ट्रॉली उलटून बाई दगावली, तर पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की ती कामावर होती हे दाखवायचे कशावरून?

१९२३ च्या कर्मचारी नुकसान भरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत यंत्रचलित वाहनात माल भरणारे व उतरवणारे येतात. ट्रॉली भरणारी बाई त्यात बसते. नुसती तोडणी बसते की नाही यावर वाद होऊ शकतो, म्हणून मृत्यूच्या वेळी नेमके काय काम चालू होते हे पोलिसांच्या पंचनाम्यात आणि साक्षीदारांच्या जबाबात स्पष्ट यायला हवे. ‘बाई पडून मयत’ एवढीच नोंद झाली, तर पुढे फार अडचण होते.

समोरची बाजू हमखास म्हणते की ती नवऱ्यासोबत आली होती, कामाला ठेवलेली नव्हती. याला सर्वात भक्कम उत्तर हिशेबातच असते. एकटा मजूर असेल तर मुकादम त्याला ‘अर्धा कोयता’ धरतो आणि उचलही त्या मानाने देतो. वहीत पूर्ण कोयता लिहिला असेल, तर दोघांचे श्रम ठरले होते हे त्याच वहीतून दिसते. कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावतीवर टोळी, वाहन आणि वेळ असते. ही कागदपत्रे कुटुंबाकडे नसतात, पण या कायद्याखाली दावा चालवणाऱ्या आयुक्तांना ती मागवण्याचा आणि साक्षीदारांना बोलावण्याचा अधिकार आहे. टोळीतल्या सोबत्यांचे जबाब मात्र हंगाम संपण्याआधीच लिहून घ्यावेत, कारण पट्टा पडला की टोळी पांगते.

दावा कोणावर करायचा? मुकादम, वाहनमालक आणि कारखाना या तिघांनाही पक्षकार करणे शहाणपणाचे. कंत्राटदारामार्फत काम करून घेणारा मूळ मालक कलम १२ खाली जबाबदार धरता येतो. मात्र अपघाताची जागा आपल्या ताब्यात नव्हती, फड शेतकऱ्याचा होता, असा बचाव कारखाना घेतो आणि तो कधीकधी टिकतोही. दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. अपघात झाला तिथे किंवा कुटुंब राहते तिथे, दोन्हीकडे तो चालतो. त्यामुळे बीडच्या माणसाला सांगलीला खेटे घालण्याची सक्ती नाही.

आता अवलंबित्व. अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी आणि मृत बाईची विधवा आई यांना नाते सिद्ध केले की पुरे. त्यांचे पोट तिच्यावर होते हे वेगळे दाखवावे लागत नाही. पतीला मात्र दाखवावे लागते. विधवेला जे आपोआप मिळते, ते विधुराला पुराव्याने मिळवावे लागते. पूर्ण अवलंबून असण्याची गरज नाही, अंशतः पुरते. उचल दोघांच्या घामातून फिटत होती, तीवर घर चालत होते, हे मुकादमाच्या हिशेबावरून आणि रेशनकार्डावरून दाखवता येते. तिच्या वडिलांनाही असाच पुरावा लागतो.

रक्कम उदाहरणाने पाहू. जोडीची महिन्याची कमाई २०,००० रुपये असेल, तर तिची १०,००० धरता येते. मृत्यूसाठी निम्मे वेतन, म्हणजे ५,०००, वयाच्या गुणकाने गुणतात. तिशीला गुणक २०७.९८ आहे, म्हणून भरपाई १०,३९,९०० रुपये होते. पस्तिशीला गुणक १९७.०६ असल्याने तीच रक्कम ९,८५,३०० वर येते. वयाचा दाखला त्यामुळे आधार कार्डावरच सोडू नये, शाळेचा दाखला शोधावा. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते. महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागते.

मालकाने पैसे आयुक्तांकडेच भरायचे असतात, परस्पर दिलेले सहसा मान्य होत नाहीत. ‘उचल बाकी आहे, तेवढी कापून घेतो’ असे मुकादम म्हणाला, तरी कलम ९ ती वजावट होऊ देत नाही. ही गोष्ट प्रत्येक टोळीला माहीत असायला हवी. आयुक्त वारसांत वाटणी ठरवतात आणि अज्ञान मुलांचा वाटा त्यांच्या हितासाठी गुंतवून ठेवता येतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. त्याआधीच्या अपघातांना १९२३ चाच कायदा लागू राहतो.