सारांश तपासायचा कसा?



सच्चर समितीचा अहवाल इथे बसलेल्या बहुतेकांनी ऐकलेला आहे, पूर्ण वाचलेला फार थोड्यांनी. त्यात दोष कुणाचाच नाही. तो सुमारे चारशे पानांचा आहे. म्हणून आपण त्याच्या सारांशांवर बोलतो, निवेदने देतो, भांडतोही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे एखादी गोष्ट ‘बरोबर वाटते’ एवढ्यावर पुढे जात नाही. ती मूळ गरजेशी ताडून पाहतात. सारांशाचेही तसेच करता येते.

उदाहरणासाठी मी स्वतःच एक सारांश रचला आहे. मुद्दाम वाईट रचला आहे, पण अशी वाक्ये तुम्ही वाचली असतील:

‘सच्चर समितीने धक्कादायक वास्तव उघड केले. मुस्लिमांची साक्षरता ५९ टक्के आहे. ४ टक्के मुस्लिम मुले मदरशात जातात, कारण पालकांना धार्मिक शिक्षणच हवे असते. मुस्लिमांवर देशद्रोही आणि लाडावलेले असे दोन्ही शिक्के मारले जातात, हे समितीने सिद्ध केले.’

पहिले काम म्हणजे वाक्ये फोडणे. मदरशाच्या वाक्यात दोन विधाने आहेत, एक आकड्याचे आणि एक कारणाचे. प्रत्येक विधानासमोर मूळ अहवालातले पान लिहायचे. पान सापडले नाही तर ती जागा रिकामी ठेवायची, आठवणीने भरायची नाही.

आता आकडा घ्या. ‘४ टक्के’ अहवालात आहे. संगणकावर शोधलेत तर सापडेल आणि तुम्ही खूण करून पुढे जाल. पण अहवालात तो आकडा शिकत असलेल्या मुस्लिम विद्यार्थ्यांपैकी आहे. शाळेच्या वयाच्या सगळ्या मुस्लिम मुलांपैकी पाहिले तर तो सुमारे ३ टक्के होतो, आणि हेही तिथेच लिहिले आहे. फरक कुठून आला? जी मुले कुठेच शिकत नाहीत, ती पहिल्या हिशोबात धरलेलीच नाहीत. ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुले एकतर कधी शाळेत गेली नाहीत किंवा त्यांनी शाळा सोडली, असे हाच अहवाल सांगतो. म्हणजे मदरशाच्या टक्क्यावर वाद घालता घालता ही मुले सारांशातून गायब होतात. म्हणून आकडा जुळला तरी ‘कशापैकी?’ हे विचारायचेच. ‘कधीचा?’ हेही. ५९ टक्के साक्षरता २००१ च्या जनगणनेची आहे. ‘आहे’ म्हटले की ती आजची होते.

कारणाचे विधान तर मुळाच्या उलट आहे. पालकांचा आधुनिक शिक्षणाला विरोध नाही आणि जवळ शाळा नसल्यामुळेही मुले मदरशात जातात, असे समिती म्हणते. सारांशात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ दिसले की मी थांबतो. दोन खऱ्या गोष्टींना जोडणारा हा शब्द बहुतेक वेळा सारांश लिहिणाऱ्याचा असतो.

शेवटचे वाक्य जास्त फसवे आहे, कारण ते आपल्याला पटते. दोन शिक्क्यांची ही गोष्ट अहवालाच्या दुसऱ्या प्रकरणात आहे. पण ते प्रकरण लोकांच्या भावना आणि धारणांचे आहे. लोकांनी समितीला असे सांगितले. समितीने ते नोंदवले. सगळ्या धारणा बरोबर असतीलच असे नाही, पण त्या हवेतूनही आलेल्या नाहीत, असा तोल समितीने तिथे सांभाळला आहे. ‘सिद्ध केले’ या दोन शब्दांनी तो मोडतो. विरोधकाने मूळ पान काढून दाखवले, की मग आपली खरी तक्रारही खोटी ठरते. म्हणून प्रत्येक विधानाचा बोलणारा कोण, हे पाहायचे. क्रियापदातही मत लपते: ‘म्हटले’, ‘दावा केला’, ‘कबूल केले’, ‘उघड केले’ यांचे अर्थ एक नाहीत. आणि ‘धक्कादायक’ हा शब्द थेट खोडायचा. धक्का सारांश लिहिणाऱ्याला बसलेला असतो.

इथवर आपण सारांशाकडून अहवालाकडे गेलो. आता उलट जायचे. अहवालाची बारा प्रकरणे समोर ठेवून कोणते सारांशात आलेच नाही ते पाहायचे. माझ्या नमुन्यात मुस्लिम ओबीसींचे दहावे प्रकरण नाही. महाराष्ट्रासह काही राज्यांत मुस्लिमांची साक्षरता राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त होती, हेही नाही. ही दोन्ही गाळली की सगळा समाज एकसारखा दिसतो, आणि तसे म्हणणारे एकही खोटे वाक्य लिहावे लागत नाही. अर्थात सारांशात सगळे मावणार नाही. चार वाक्यांत बारा प्रकरणे कशी येतील? मग वर स्पष्ट लिहावे: ‘हा फक्त शिक्षणाच्या प्रकरणाचा सारांश आहे.’

एक पानाचा सारांश असा तपासायला माझा अर्धा दिवस जातो. वेळ नसेल तेव्हा मी निदान आकडे, ‘कारण’ असलेली वाक्ये आणि बोलणाऱ्याचे नाव एवढे तरी मुळाशी लावून पाहतो.