बारा घरांचा तक्ता



कर्जत म्हटलं की बाहेरचा माणूस विचारतो, "म्हणजे ते रेल्वे जंक्शनवालं?" मग सांगावं लागतं, की नाही, ते रायगडातलं. आमचं नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आता अहिल्यानगर, गोदड महाराजांचं. आमच्या गावात रेल्वे येत नाही, एसटी येते. नाव एकच, गावं दोन, आणि नावावर विसंबून गाडी पकडली तर माणूस दीडदोनशे किलोमीटर चुकतो.

मी आज जे बोलणार आहे ते एवढंच आहे. आपल्या वर्गांच्या भिंतींवर इंग्रजीचे बारा काळ आणि त्यांसमोर मराठी रूपं असा तक्ता टांगलेला असतो. 'पास्ट परफेक्ट' आणि समोर 'पूर्ण भूतकाळ'. नाव एकच, गावं दोन.

आधी हे बारा आले कुठून ते पाहू. तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार, तीन चोक बारा. ही मांडणी शाळामास्तरांची आहे. १९८५ साली क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं इंग्रजीचं मोठं व्याकरण आलं, त्यात काळ दोनच मोजले आहेत, वर्तमान आणि भूत. कारण भविष्यासाठी इंग्रजी क्रियापदाला स्वतःचं रूपच नाही, 'विल' बाहेरून आणावं लागतं. मराठीत मात्र 'जाईन' हे क्रियापदाचंच रूप आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा समोर इंग्रजी व्याकरणाचं वळण होतं. मोरो केशव दामल्यांनी, म्हणजे केशवसुतांच्या धाकट्या भावानं, १९११च्या आपल्या ग्रंथात मराठीकडे मराठी म्हणून पाहण्याचा मोठा खटाटोप केला. पण शाळेच्या पुस्तकात टिकली ती चौकट. मराठीचेही तीन काळ आणि चार प्रकार: साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. इकडे बारा, तिकडे बारा. जोड्या लावा!

पहिल्या तीन ओळी वरवर तरी जुळतात. चौथी जुळतच नाही. इंग्रजीची चौथी ओळ सांगते, की काम कधीपासून चालू आहे. आपली चौथी ओळ सांगते सवय: येत असतो, येत असे, येत जाईल. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी तक्त्यात त्या शेजारी बसतात, कारण दोघींचा क्रमांक चार आहे.

'आजोबा पहाटे उठत असत' याला इंग्रजीत 'यूज्ड टू' लागतं, आणि ते बारापैकी एकाही घरात राहत नाही. उलट 'मी सकाळपासून वाट पाहतोय' हे मराठीत साधं अपूर्ण वर्तमान आहे. 'कधीपासून' हे सांगायचं काम 'पासून' करतं, क्रियापद नाही. म्हणून आपला मुलगा 'आय ॲम वेटिंग फ्रॉम मॉर्निंग' लिहितो. त्यानं मराठीशी इमान राखलेलं असतं. इंग्रजी मात्र ही गोष्ट क्रियापदावर लादते: 'हॅव बीन वेटिंग'. शिवाय 'पासून'चे तिथं दोन तुकडे होतात. सकाळपासून म्हटलं तर 'सिन्स', दोन तासांपासून म्हटलं तर 'फॉर'.

हे घर रिकामं राहू नये म्हणून काही तक्ते तिथं 'वाट पाहत आलेलो आहे' असं घडवून बसवतात. 'करत आलो आहोत' हे रूप खरं आहे, पण ते पिढ्यांसाठी. 'आम्ही या रानात ज्वारीच करत आलो आहोत' हे बरोबर. मिरजगावच्या फाट्यावर दोन तास उभा असलेला माणूस 'वाट पाहत आलेलो आहे' असं म्हणाला, तर शेजारचा त्याच्याकडे वळून बघेल.

आता ज्या घरात मी स्वतः अनेक वर्षं चुकलो तिथं येतो. नववीच्या एका मुलीनं यात्रेवर निबंध लिहिला होता. पहिली वाक्यं अशी: 'यस्टरडे वुई हॅड गॉन टू द यात्रा. माय अंकल हॅड कम फ्रॉम पुणे. ही हॅड ब्रॉट पेढा.' मी तिन्ही 'हॅड'वर लाल गोळे केले आणि समासात 'काळ चुकला' असं लिहिलं. वही परत आली तेव्हा तिनं विचारलं, "सर, तक्त्यात गेलो होतो म्हणजे हॅड गॉनच आहे ना?" तक्ता माझ्याच हातचा होता.

तिच्या मनातली मराठी वाक्यं म्हणून पाहा. 'काल आम्ही यात्रेला गेलो होतो. पुण्याहून मामा आले होते. त्यांनी पेढे आणले होते.' यात एक अक्षर चुकीचं नाही. मग बिघडलं कुठं?

'मामा आले', 'मामा आले आहेत', 'मामा आले होते' ही तीन वाक्यं घ्या. पहिलं बातमी देतं किंवा गोष्ट पुढे नेतं, ऐकणारा 'मग?' म्हणतो. दुसऱ्यात मामा अजून ओसरीवर बसलेले आहेत, चहा टाकावा लागेल. तिसऱ्यात ते येऊन गेले. 'आले होते' हे रूप मराठीत बहुतेक वेळा एवढंच सांगतं, की घटना घडली, तिचा परिणाम आता उरलेला नाही, प्रकरण मिटलं. 'काल मी नगरला गेलो होतो' म्हणणारा माणूस तुमच्यासमोर उभा असतो, परत आलेला.

इंग्रजीचा पास्ट परफेक्ट परत आलेल्या माणसाची चौकशी करत नाही. त्याला भूतकाळातली दुसरी घटना लागते, आणि ही तिच्याआधी झाली एवढंच तो सांगतो. एकट्या घटनेला 'हॅड' लावलं की इंग्रज वाचक वाट पाहत राहतो: गेले होते, बरं, पण कशाच्या आधी? मुलीच्या निबंधात ती दुसरी घटना नव्हतीच. तिथं 'वेंट', 'केम', 'ब्रॉट' हेच हवं होतं. आणि मामा येऊन गेले ही आपली छटा? ती इंग्रजी क्रियापदात मावत नाही. 'यस्टरडे' या शब्दावर किंवा पुढच्या वाक्यावर सोडून द्यावी लागते.

ही चूक तक्त्याला पकडता येत नाही, याचं कारण गमतीचं आहे. तक्त्याचं उदाहरण नेहमी असं निवडलेलं असतं जिथं दोन्ही भाषा सहमत असतात. 'डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता.' हा रोगी आपण सगळ्यांनी मारलेला आहे. इथं दोन घटना आहेत, क्रम आहे, त्यामुळे 'हॅड डाइड' चपखल बसतं. 'आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी गेली होती' हेही तसंच. पण मूल दिवसभरात 'होतो' वापरतं त्यातलं फार थोडं या जातीचं असतं. बाकीचं सगळं यात्रेच्या निबंधासारखं.

म्हणून मी आता मुलांना एकच कसोटी देतो. वाक्यात 'त्याच्या आधीच' घालून पाहा. 'पोचलो, त्याच्या आधीच एसटी गेली होती' हे बसतं, 'हॅड' ठेवा. 'काल, त्याच्या आधीच, आम्ही यात्रेला गेलो होतो' म्हटलं की मूल स्वतःच विचारतं, कशाच्या आधी? तिथं 'हॅड' काढा. कसोटी पूर्णपणे मराठीत होते, आणि इंग्रजी येण्याआधी होते. मात्र ती वाक्यावाक्याला लावून भागत नाही. कधी ती दुसरी घटना दोन वाक्यं मागे सांगून झालेली असते, तेव्हा मागचं वाचावं लागतं.

भविष्याच्या रकान्यात असंच एक घर आहे. 'पोचली असेल' समोर 'विल हॅव रीच्ड'. पण घरी 'पोचली असेल' कोण म्हणतं? मुलगी दुपारच्या गाडीनं पुण्याला निघाली, फोन लागत नाही, तेव्हा आई म्हणते, "पोचली असेल." यात भविष्य कुठे आहे? हा आताच्याबद्दलचा अंदाज आहे. 'जेवत असेल', 'झोपला असेल' हेही अंदाजच. इंग्रजी बोलणारा इथं बहुधा 'मस्ट हॅव रीच्ड' म्हणेल. 'विल हॅव' अंदाजासाठी चालतं, अगदीच चूक नाही, पण मूल ते भविष्य समजून लिहितं हा घोटाळा आहे. खरं पूर्ण भविष्य हवं असेल तर 'उद्या या वेळेपर्यंत आम्ही सिद्धटेकला पोचलेलो असू' असं वेळेचं कुंपण घालावं लागतं.

आतापर्यंत मी मराठीकडून इंग्रजीकडे जाणाऱ्या मुलाबद्दल बोललो. उलट्या दिशेनं येणारीही मुलं आता आपल्याकडे आहेत: इंग्रजी माध्यमातली, आणि अमेरिकेतल्या मराठी शाळांमधली आपल्याच लोकांची नातवंडं. त्यांना तक्ता सांगतो, 'एट' म्हणजे 'खाल्ला'. मग ते 'मी पोळी खाल्ला' म्हणतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, की वर्तमानात क्रियापद खाणाऱ्याकडे पाहतं आणि भूतकाळात मान वळवून खाल्लेल्या वस्तूकडे पाहतं. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. त्यात 'गेलो', 'आलो' मात्र माणसाकडेच पाहत राहतात. एकच क्रियापद घेऊन केलेला तक्ता ही गोष्ट लपवतो. निदान दोन हवीत, एक 'येणे' आणि एक 'खाणे'.

मग तक्ता फाडून टाकायचा का? मी टाकला नाही, उलटा केला. डावीकडे इंग्रजी नावं लिहायचं सोडून मराठी रूपं लिहिली: येतो, येतोय, आला, आला आहे, आला होता, येत होता, येत असे, येईल, येत असेल, आला असेल. उजवीकडे इंग्रजी. मधे रेघा. 'येतो'पासून जवळजवळ सरळ रेघ जाते. 'येतोय'पासून दोन निघतात, 'पासून' असेल तर एकीकडे, नसेल तर दुसरीकडे. 'आला होता'पासून दोन, आणि रेघेवर 'त्याच्या आधीच?' असा प्रश्न लिहिलेला. 'येत असे'ची रेघ बारा घरांच्या बाहेर जाते, तिला जाऊ दिलं. तक्ता दिसायला वाईट झाला, गाठोडं सुटल्यासारखा. पण मुलं त्याच्यासमोर उभी राहून भांडू लागली, जे आधीच्या सुबक तक्त्यासमोर कधी झालं नव्हतं.

'आला'च्या रेघेवर माझंही समाधान झालेलं नाही. वळणावर धूळ दिसली की स्टँडवरचा माणूस ओरडतो, "आली, आली!" गाडी अजून आलेली नाही, इंग्रजी इथं 'इज कमिंग' म्हणेल. रूप भूतकाळाचं, गाडी भविष्यातली. आणखी एक रेघ काढावी, तर ती 'आला'पासून काढायची की तो नुसता उत्साह समजायचा? दुपारच्या सत्रात कोरा कागद लावून ठेवला आहे. आपल्या वर्गातली अशी वाक्यं प्रत्येकानं त्यावर लिहावीत, मुलांनी चुकवलेली असतील तर फारच बरं.

मागून खुणा होताहेत, की पानं वाढली आहेत. 'वाढली होती' असं म्हणायची वेळ येण्याआधी मी थांबतो.