न्यू जर्सीतली सही आणि हवेलीतला दस्त

कुलमुखत्यारपत्र म्हणजे काय, हे पुणेकरांना मी काय सांगणार! समोर बसलेल्यांपैकी किती जणांची मुलं परदेशात आहेत? (बरेच हात वर होतात.) म्हणजे व्याख्या सोडून देऊ.

सही कोणी करायची? मिळकत ज्याच्या नावावर आहे त्याने. तो सज्ञान आणि शुद्धीवर असावा. त्याचा पासपोर्ट भारतीय आहे की अमेरिकी, याने हा अधिकार जात नाही. प्रश्न आहे तो सही कोणासमोर झाली याचा. 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 33 म्हणतं की भारतात राहणाऱ्याने दुय्यम निबंधकासमोर सही करावी, आणि परदेशात राहणाऱ्याने नोटरी, न्यायालय, दंडाधिकारी किंवा भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर.

वकिलातीचा शिक्का असला तर इथे सहसा खळखळ होत नाही. नोटरीकडे गेलात तर तिथल्या सरकारचं अपॉस्टिल लावून घ्यावं. अपॉस्टिलच्या हेग इथल्या 1961 च्या कराराचा अंमल भारतापुरता 14 जुलै 2005 पासून सुरू झाला. आता ज्या गोष्टीसाठी मी आज आलो आहे ती ऐका. अपॉस्टिल सांगतं की शिक्का खऱ्या नोटरीचा आहे. मजकूर बरोबर आहे असं ते सांगत नाही. सही करणारा आज हयात आहे आणि त्याचं मन बदललेलं नाही, हे तर मुळीच सांगत नाही. (मागून आवाज : “मग सरकार काय तपासतं?”) सांगतो, आणि सरकारवर राग धरू नका, प्रत्येक कचेरी आपल्यापुरतं तपासते.

माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगतो. कोथरूडचा फ्लॅट, भाऊ न्यू जर्सीत, बहीण पुण्यात. भावाने तिथल्या नोटरीसमोर प्रत्येक पानावर सही केली, फोटो लावला, राज्याच्या कोषागार विभागाकडून अपॉस्टिल घेतलं आणि मूळ कागद कुरिअरने पाठवला. स्कॅन चालत नाही, मूळच लागतो. राज्याबाहेर सही झालेला कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. म्हणून कुरिअरचं पाकीट फेकू नका. कागद कधी आला याचा पुरावा तेच. बहिणीने मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. विकण्याचा अधिकार मोबदल्याशिवाय जवळच्या नातलगाला दिला, म्हणून शुल्क 500 रुपये लागलं. हाच अधिकार त्याने मित्राला दिला असता, तर खरेदीखताच्या दराने शुल्क द्यावं लागलं असतं! (सभागृहात चुळबूळ.) हो, इथेच पुष्कळ जण अडकतात.

सगळं जुळलं. खरेदीखताचा दिवस ठरला. आणि आठ दिवस आधी न्यू जर्सीहून फोन आला : भाऊ हृदयविकाराने गेला.

एजंट म्हणाला, “ताई, कागद पक्का आहे. कोणाला कळणार आहे? सही करून टाका.” कागद खरंच पक्का होता. शिक्के खरे, अपॉस्टिल खरं, शुल्क भरलेलं. पण लिहून देणारा गेला की मुखत्यारपत्रही संपतं. करार कायद्याचं कलम 201 तसंच सांगतं. मुखत्याराचा स्वतःचा त्या मिळकतीत हितसंबंध असेल तेवढाच अपवाद, आणि इथे तो नव्हता. हवेलीच्या दुय्यम निबंधकांपुढे बहिणीला घोषणापत्रावर सही करावी लागली असती, की लिहून देणारा मयत नाही आणि पत्र रद्द झालेलं नाही. खोटं लिहिलं तर नोंदणी कायद्याच्या कलम 82 खाली शिक्षा. ती बाई रडत होती, तरी म्हणाली, “दादा नाही, तर त्याच्या नावाने सही कशी करू?” तिने सही केली नाही. नंतर भावजय आणि दोन मुलं, या वारसांची नवीन कागदपत्रं जमवताना व्यवहार कित्येक महिने लांबला. खरेदीदार थांबला, त्याला मी आजही मानतो.

(अध्यक्ष घड्याळ दाखवतात.) हो, आवरतो. नावाचा मुद्दा राहिलाच. इंडेक्स दोनवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर विवाह प्रमाणपत्र सोबत जोडा. अपॉस्टिलची शिवण किंवा पिना उसवून झेरॉक्स काढू नका, कागद संशयास्पद ठरतो. आणि “माझ्या सर्व मिळकती” असं सैल लिहू नका. एकच फ्लॅट, त्याचा क्रमांक आणि एकच काम लिहा.

माझी आग्रहाची विनंती खरेदीदारांना आहे. ज्या घोषणापत्रावर सगळं टिकतं, त्यावर मुखत्याराच्या शब्दापलीकडे पुरावा नसतो. म्हणून दस्ताच्या दिवशी, पैसे देण्याआधी, लिहून देणाऱ्याला व्हिडिओ कॉल करा, पासपोर्ट हातात धरायला सांगा आणि त्याच्याच तोंडून ऐका की हा फ्लॅट विकायला तो आजही तयार आहे. तो फोनवर येत नसेल, तर त्या दिवशी चेक देऊ नका.