विंचवावरचे औषध यादीत कसे येते?

भोकरदन तालुक्यातले देहेड हे गाव विंचवाच्या इतिहासात आले, त्याचे श्रेय डॉ. हिंमतराव बावस्कर यांना. त्यांचा जन्म या गावचा. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचवाच्या दंशाने पोरे दगावताना त्यांनी पाहिली आणि ती कशाने दगावतात याचा शोध घेतला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण आज मला त्यांचे चरित्र सांगायचे नाही. त्यांच्या कामातून पुढे आलेले एक औषध आपल्या जालन्याच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या औषधसूचीत घालायचे झाले, तर औषध समितीपुढे काय मांडावे लागेल, हे पाहू या.

रुग्णालयाच्या कपाटात कोणती औषधे राहणार, हे ही समिती ठरवते. यादीत नाव नसेल तर खरेदी नाही. खरेदी नसेल, तर रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाच्या हाती चिठ्ठी पडते आणि तो बंद दुकानांची दारे ठोठावत फिरतो.

आधी विष काय करते ते समजून घेऊ. आपल्याकडे काळ्या इंगळीची भीती फार, पण जीव घेणारा असतो तो लहानसा लाल विंचू. त्याचे विष शरीरातल्या ताणाच्या रसायनांचा एकदम लोंढा सोडते. दरदरून घाम येतो, लाळ गळते, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. मग थकलेल्या हृदयाला रक्त पुढे ढकलता येत नाही, फुप्फुसात पाणी भरते आणि रुग्ण गुदमरतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात तिथेच रोखायचे म्हणून डॉ. बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरली आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिच्यावर लिहिले. त्यांच्या नोंदींनुसार गंभीर रुग्णांतले चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू एक टक्क्यावर आले.

म्हणजे गोळी आहे. मग नवे काय मागायचे? मागायची ती विंचूदंशाची लस. लोक लस म्हणतात, खरे तर ते घोड्याच्या रक्तातून तयार केलेले प्रतिविष. गोळी लोंढ्याचा परिणाम थोपवते, पण रक्तात फिरणारे विष तसेच राहते. प्रतिविष ते विष निकामी करते. मात्र सुटून गेलेला लोंढा त्याला परत आणता येत नाही. म्हणून दोन्ही बरोबर द्यायची, आणि प्रतिविष लवकर द्यायचे.

अर्जात आता पुरावा. डॉ. बावस्करांनी महाडला सत्तर रुग्णांवर चाचणी घेतली. पस्तिसांना नुसती गोळी, पस्तिसांना गोळी आणि प्रतिविष. कोणाला काय, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ती छापून आली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण नुसत्या गोळीच्या गटात ८, तर दोन्ही दिलेल्या गटात ३२. बरे व्हायला सरासरी वेळ एकीकडे १७.७ तास, दुसरीकडे ८ तास. साध्या भाषेत, तिघांना प्रतिविष दिले तर दोघे असे निघतात की जे एरवी दहा तासांत बरे झाले नसते.

इथेच अर्ज लिहिणाऱ्याचा हात घसरतो. तो लिहितो, ‘या औषधाने जीव वाचतील.’ हे वाक्य समितीने खोडले पाहिजे. या चाचणीत प्रकृती आणखी बिघडलेल्यांची संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती, आणि मृत्यू कमी होतात असे तिने दाखवलेले नाही. जीव वाचवणारी म्हणून सिद्ध झालेली गोष्ट आजही लवकर दिलेली गोळीच. शिवाय चाचणी एकाच रुग्णालयात झाली आणि कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते. म्हणून अर्जात एवढेच लिहावे, की रुग्ण लवकर बरा होतो.

मग या ‘लवकर’ची किंमत काय? समजा, रुग्णालयात वर्षाला साठ विंचूदंश येतात. त्यांतल्या चाळिसांना नुसती जागेवर वेदना आहे. त्यांना प्रतिविष द्यायचेच नाही. उरलेल्या विसांना घाम, लाळ, गार हातपाय आहेत. चाचणीत प्रत्येकाला तीस मिलिलिटर, म्हणजे दहाच्या तीन कुप्या दिल्या होत्या. कुपीचा भाव हिशेबापुरता पाचशे रुपये धरू. प्रत्यक्षात चालू दरपत्रक जोडावे. एका रुग्णाला दीड हजार, विसांना तीस हजार. बदल्यात प्रत्येकी जवळपास दहा तास, म्हणजे दोनशे तास खाट मोकळी. तासाला दीडशे रुपये पडले. रात्रपाळीला एकच परिचारिका असलेल्या वॉर्डात दर थोड्या वेळाने नाडी आणि रक्तदाब पाहण्याचे तेवढे काम वाचते. हा सौदा परवडतो का, याचे उत्तर समितीने आपल्या वॉर्डाकडे बघून द्यावे. चाळीस साध्या रुग्णांनाही कुप्या टोचल्या, तर खर्च नव्वद हजारांवर जाईल आणि फायदा तेवढाच राहील. म्हणून कोणाला द्यायचे ही अट नावापुढेच लिहायची.

दुसरी अट धोक्याची. घोड्याच्या प्रथिनाची काहींना तीव्र ॲलर्जी होते. अॅड्रेनॅलिन हाताशी आणि डॉक्टर समोर असल्याशिवाय सलाइन सुरू करायचे नाही.

तिसरी गोष्ट यादीत आधीच असलेल्या गोळीची. बाजारात प्राझोसिनच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात, रक्तदाबाच्या रोजच्या रुग्णांसाठी. विंचूदंशात त्या उपयोगाच्या नाहीत, कारण इथे औषध लगेच रक्तात उतरायला हवे, आणि मुलाच्या वजनाप्रमाणे अर्धी-पाव गोळी द्यायची तर ती तोडूनही चालत नाही. यादीत नुसते ‘प्राझोसिन’ लिहिले, तर स्वस्त निविदेतून नेमकी तीच येऊ शकते. म्हणून ‘साधी गोळी, एक मिलिग्रॅम’ असे लिहायचे. साठा तपासताना पाकिटावर ‘एक्सएल’ किंवा ‘एसआर’ ही अक्षरे दिसली, की चूक तिथेच कळते. गोळी दिल्यावर रुग्णाला झोपवूनच ठेवायचे, मुलाला कडेवर घ्यायचे नाही. उभे केले तर रक्तदाब एकदम उतरतो.

अर्जाच्या शेवटी मुदत मागावी, एक वर्षाची. प्रत्येक रुग्णामागे तीनच ओळी नोंदवाव्यात: दंशापासून औषधापर्यंत किती वेळ गेला, किती कुप्या लागल्या, किती तासांत घरी गेला. वर्षाअखेरीस तास कमी झालेले दिसले नाहीत, तर आधी पहिली ओळ वाचावी. रुग्णच सहा-आठ तासांनी पोहोचत असतील, आधी मांत्रिकाकडे, मग दवाखान्यात, तर दोष प्रतिविषाचा नाही. तेव्हा ते पैसे उपकेंद्रापर्यंत साधी गोळी पोहोचवण्यावर खर्च करणे बरे. आणि मुदत संपलेल्या कुप्या कपाटात सापडल्या, तर पुढच्या वर्षी मागणी कमी करावी.

कुप्या ठेवायच्या कुठे, हेही अर्जातच लिहावे. भांडारगृहाची किल्ली रात्री घरी जाते. म्हणून दोन रुग्णांपुरत्या सहा कुप्या आणि गोळ्यांचे एक पाकीट अपघात विभागातच असावे. सोयाबीनच्या काढणीत, कडब्याच्या गंजीखाली, पावसाने उखडलेल्या दगडांत विंचू निघतो, तेव्हा कार्यालयाची वेळ झालेली नसते.