एका आकड्यात तीन हिशेब नकोत



परस्परसंमतीच्या घटस्फोटात भांडण नसतं, म्हणून आपणही अटींचा कागद बारकाईने वाचत नाही. आमच्या केंद्रावर आलेल्या एका बाईच्या कागदावर एकच ओळ होती : ‘पोटगी, मुलीचा खर्च व घरातील हिस्सा यापोटी एकरकमी ८ लाख रुपये, यापुढे कसलीही मागणी राहणार नाही.’ आठ लाख ऐकून माहेरचे खूश होते.

आम्ही हिशेब मांडला. घर दोघांच्या नावावर, हप्ते दोघांनी भरलेले. घराची किंमत ४० लाख, कर्ज शिल्लक १६ लाख. उरले २४, तिचा अर्धा वाटा १२ लाख. म्हणजे ८ लाखांत घराचा वाटासुद्धा पुरा होत नव्हता. तिची पोटगी आणि आठ वर्षांच्या मुलीचा खर्च, दोन्ही शून्य!

मग तीन वेगळी कलमं लिहिली. घराचे १२ लाख. ते हाती आल्यावरच तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. नवराबायकोतला करार बँकेला बांधील नसतो. कर्जावर तिचं नाव राहिलं आणि त्याने हप्ते थकवले, तर बँक तिच्याच दारात येणार. म्हणून कर्ज त्याने एकट्याच्या नावावर करून घ्यायचं आणि बँकेचं तसं पत्र आणायचं.

मुलीसाठी दरमहा ९,००० रुपये बँकखात्यात, दरवर्षी दहा टक्के वाढ, शाळेची फी निम्मी. आईने ‘मागणी नाही’ लिहून दिलं तरी मुलीचा हक्क बुडत नाही. पण त्यासाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते. तिच्या पोटगीवर घासाघीस झाली. पाच लाखांवरून गाडी तीनवर आली.

आता प्रश्न, पैसे कधी? तो म्हणाला, ‘अर्धे निकालानंतर देतो.’ इथेच आपल्या बाया फसतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे अर्जानंतर किमान सहा महिन्यांनी दोघांना पुन्हा कोर्टापुढे येऊन संमती सांगावी लागते. (योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं.) तोवर कुणीही संमती मागे घेऊ शकतं. त्याला घटस्फोट हवा असतो तोवरच तिच्या शब्दाला वजन असतं. निकालानंतर पैसे थकले तर दरखास्त लावून तारखा मोजत बसायचं.

म्हणून काही रक्कम अर्जाच्या दिवशी आणि उरलेली, बँकेच्या पत्रासह, दुसऱ्या जबाबाच्या दिवशी न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्टने, असं ठरलं. महिन्याचा खर्च मात्र पुढेही चालणार. म्हणून सगळ्या अटी हुकूमनाम्यात नोंदवून घेतल्या.

पुढच्या वेळी कुणी ‘मिटलंय, फक्त सही करायचीय’ म्हणत आली, तर आधी तिला विचारा : यात घराचे किती, मुलांचे किती आणि तुझे किती?